मार्चअखेरची मुदत आणि दादांची डेअरी

परिपत्रक आलं की मी आधी त्याचं शेवटचं पान उघडते. पहिल्या पानावर नुसता मानपान असतो. अमुक कायदा, तमुक कलम, त्यात मिळालेले अधिकार. खरं काय ते शेवटी, जोडपत्राच्या खाली, बारीक अक्षरांतल्या टिपेत बसलेलं असतं. कोणाला लागू, कोणाला सूट, जुन्यांना किती मुदत. ती टीप ज्याने वाचली नाही त्याने परिपत्रक वाचलंच नाही, असं मी माझ्या हाताखालच्या मुलींना सांगते, आणि त्या माझ्या मागे माझी नक्कल करतात हेही मला ठाऊक आहे.

मंचरजवळच्या एका दूध डेअरीत मी नियमपालनाचं काम बघते. वरून येणारी परिपत्रकं इंग्रजीत असतात आणि लांबच लांब असतात. आमच्या शीतकरण केंद्रांचे, वाहतुकीचे, संकलनाचे व्यवस्थापक पहाटेपासून टँकरच्या मागे असतात. त्यांना ती वाचायला वेळ नसतो आणि खरं सांगायचं तर हौसही नसते. म्हणून मी त्यांच्यासाठी मराठीत एक पानी गोषवारा काढते. त्यात चार रकाने असतात. काय करायचं, कोणत्या विभागाने करायचं, कधीपर्यंत, आणि केलं याचा पुरावा काय. एका कामाला एकच विभाग, हा माझा हट्ट. दोन विभाग लिहिले की दोघेही एकमेकांकडे बघत बसतात. 'करावंच लागेल' आणि 'करता येईल' यांत मी गल्लत होऊ देत नाही. या कामात मी खडूस आहे असं ऑफिसात म्हणतात. म्हणोत.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, म्हणून हे लिहिते आहे. ते असताना मी हे लिहिलं नसतं, त्याचं कारण पुढे येईल.

डिंगोऱ्यात, आमच्या गावी, घराच्या पडवीत दादा आमच्याच डेअरीचं दूध संकलन केंद्र चालवायचे. गावात त्याला केंद्र कोणी म्हणत नव्हतं. सगळे 'डेअरी'च म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे. दादा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनला लावायचे, फॅट आणि एसएनएफची, म्हणजे दुधाच्या प्रतीची, चिठ्ठी हातात द्यायचे, दूध कॅनमध्ये ओतायचे, आणि मग पिकअप येऊन कॅन घेऊन जायची. मी शाळेचा अभ्यास त्या दुधाच्या वासात केला. लोकांना दहा दिवसांनी दुधाचा पगार मिळायचा आणि त्यातला कमिशनचा वाटा दादांचा. माझं डेअरी टेक्नॉलॉजीचं शिक्षण त्या वाट्यावर झालं. नोकरीही त्याच डेअरीत लागली, तेव्हा दादांनी पेढे वाटले ते घरात नाही, केंद्रावर, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर.

दादा एक लबाडी करायचे, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. पिकअप यायच्या बऱ्याच आधीची वेळ ते लोकांना सांगायचे. "गाडी आता येतीय, पळा," असं ओरडायचे आणि गाडी अजून ओतूरच्या पलीकडेच असायची. लोक हसायचे, शिव्या द्यायचे आणि वेळेवर यायचे. या भागात सगळ्यांचंच असं आहे. लग्नाची वेळ सांगायची तर अर्धा तास आधीची. बाजार समितीत गाडी लावायची तर पहाटेच्या ऐवजी रात्रीचीच सांगायची. कोणी खोटं बोलतंय असं कोणाला वाटत नाही. आपल्या माणसांना सांभाळून घ्यायची ती एक रीत आहे.

मी नोकरीला लागल्यापासून दादांनी एक पथ्य पाळलं होतं. केंद्राचं कुठलंही काम असलं, मशीन बिघडो की पगार अडको, मला फोन करायचा नाही. सुपरवायझरला करायचा. "तू तिथं हायेस म्हनून आमचं काम आधी झालं, असं कुनी म्हनाया नको," असं ते म्हणायचे. मीही ऑफिसात आमच्या केंद्राचा विषय काढत नसे. सगळ्यांना माहीत होतं, पण आम्ही बाप-लेक आपापल्या जागी गप्प असायचो आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. आता त्या अभिमानाचा राग येतो.

ते परिपत्रक पावसाळा सरताना आलं. विषय होता गावपातळीवरची दूध संकलन केंद्रं. प्रत्येक केंद्राची स्वतंत्र नोंदणी हवी. दूध हाताळणाऱ्या प्रत्येकाचा वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हवा. पाण्याचा तपासणी अहवाल हवा. आणि मुख्य म्हणजे केंद्र राहत्या घराच्या जागेत नको. त्याला वेगळी खोली हवी, धुता येतील अशा भिंती, उताराची फरशी, पाणी वाहून जायला मोरी. माझ्या डोळ्यांसमोर पहिली आली ती आमची पडवी.

मी शेवटच्या पानावर गेले. टीप होती. नवीन केंद्रांना नियम तत्काळ लागू, आणि आधीपासून नोंदणी असलेल्या, चालू केंद्रांना मार्चअखेरपर्यंत मुदत. त्याखाली अजून एक ओळ होती. चालू केंद्राने नोंदणी परत केली आणि पुन्हा सुरू केलं, तर ते नवीन केंद्र धरलं जाईल.

एक गोष्ट संदिग्ध होती. वेगळी खोली म्हणजे घरापासून सुटी, की घराला लागून असली तरी चालेल? आमच्या भागातली निम्मी केंद्रं घराला लागून आहेत. असं काही दिसलं की मी अंदाज करत नाही, लेखी विचारते. ईमेल केला, दोनदा आठवण केली, तेव्हा उत्तर आलं: घराला लागून चालेल, दार वेगळं हवं, घरात उघडणारं दार नको. मी ते उत्तर गोषवाऱ्याला जोडलं. आमच्या पडवीच्या बाजूला गोठ्याची रिकामी जागा होती आणि तिथे एक खोली आरामात होणार होती. मला आनंद झाला, पण मी दादांना फोन केला नाही. गोषवारा रीतसर त्यांच्यापर्यंत पोचणारच होता.

गोषवाऱ्यात मी मुदतीचे दोन रकाने केले होते. एक नियमाची तारीख, मार्चअखेर. दुसरा आपली तारीख, फेब्रुवारीअखेर. काम वेळेत उरकावं म्हणून महिनाभर हाताशी. आमच्या संचालन विभागाचे प्रमुख साहेब तो कागद बघत बसले आणि त्यांनी पहिल्या रकान्यावर उभी रेघ मारली.

"हा काढा."

"साहेब, ती नियमाची तारीख आहे."

"म्हणूनच काढा. दोन तारखा दिसल्या की आपली माणसं कुठली बघतात, ते तुम्हाला सांगायला नको."

त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. मागे एका नोंदणीच्या वेळी सगळी केंद्रं शेवटच्या दिवसासाठी थांबली होती, त्या दिवशी पोर्टल बंद पडलं आणि दंडाची नोटीस साहेबांच्या नावाने आली. तरी मी वाद घातला. म्हटलं, खालच्या माणसाला हे कळायला हवं की ही तारीख आपण ठरवलेली आहे, कायद्याची नाही. उद्या कोणाचं काम थोडं राहिलं तर त्याला सवलत देता येते की नाही, हे त्याला आणि त्याच्या साहेबाला कसं कळणार?

"तसं कोणाचं राहिलं तर तो मला फोन करेल," साहेब म्हणाले. "तुम्ही तुमच्या फाइलला ठेवा ना दोन्ही तारखा."

मी फाइलला ठेवल्या. बाहेर गेलेल्या कागदावर फक्त फेब्रुवारीअखेर गेली. शेवटच्या कामापुढे मी लिहिलं होतं: 'मुदतीनंतर अपूर्ण केंद्राचं दूध घेऊ नये. विभाग: दूध संकलन.' आणि तळाला नेहमीप्रमाणे, 'गोषवारा: नियमपालन विभाग.'

पुढे काय झालं ते मला नंतर, एकेक कागद मागवून कळलं. जुन्नर विभागाचे क्षेत्र व्यवस्थापक तसे सज्जन माणूस. त्यांनी माझं कोष्टक जसंच्या तसं आपल्या कागदावर घेतलं आणि स्वतःची सोय म्हणून तारीख केली जानेवारीअखेर. फेब्रुवारीची तारीखही वरच्या ऑफिसाने ठेवलेली सोय आहे, हे त्यांना कुठून कळणार? त्यांच्या मते ती कायद्याची. शेवटच्या कामापुढचं वाक्य त्यांनी आटोपशीर केलं, 'अपूर्ण केंद्र बंद करणे.' तळाची माझ्या विभागाची ओळ तशीच राहिली. तो कागद ओतूर भागाच्या सुपरवायझरकडे गेला. त्याने तारखेच्या जागी संक्रांत घालून केंद्रचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'सर्वांनी संक्रांतीच्या आत कामे पूर्ण करावीत, नंतर कोणतीही सबब चालणार नाही.' तोही बिचारा सोयच ठेवत होता. प्रत्येकाने आपापल्या माणसांना सांभाळून घेतलं.

दादांनी खोलीचं काम दिवाळीनंतर लगेच काढलं. नोंदणी जुनीच होती. तंदुरुस्तीचा दाखला त्यांनी सगळ्यांच्या आधी काढून आणला. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. भिंती उभ्या राहिल्या, पत्रा पडला. जुन्नरहून पांढऱ्या टाइल्सचे बॉक्स आणले आणि पडवीत रचून ठेवले. रविवारी मी फोन केला की विचारायची, "खोली कुठवर आली?" ते म्हणायचे, "व्हतीय, व्हतीय. गिलावा वाळतोय." बस, एवढंच. माझ्या डोक्यात मार्चअखेर होती, फार तर फेब्रुवारीअखेर. त्या महिन्यांत आमच्याकडे एका मोठ्या ग्राहकाची तपासणी चालू होती, मी डिंगोऱ्याला गेलेच नाही. मंचरहून जायला फार वेळ लागत नाही. तरी गेले नाही.

गवंडी आणे गावचा होता. पौषात त्यांच्या पठारावर आमटी-भाकरीची मोठी यात्रा असते, आणि आण्याचा माणूस त्या दिवसांत कामावर येत नाही, कितीही पैसे द्या. यात्रेच्या आधी तो म्हणाला, टाइल्स मी परत आल्यावर बसवतो, घाईत बसवल्या तर उतार चुकेल. दादांना ते पटलं. मोरीचा उतार चुकला तर खोलीत पाणी साचणार आणि तपासणीत नापास होणार. त्यांनी त्याला जाऊ दिलं.

संक्रांत झाल्यावर सुपरवायझर आला. तेव्हाचं सगळं मला आईने सांगितलं, ती उंबऱ्यात उभी होती.

सुपरवायझर गावाकडचाच पोरगा, दादांना मामा म्हणणारा. त्याने खोली बघितली, मोबाइलवर फोटो काढले.

"मामा, टाइल्स न्हाईत."

"गवंडी यात्रंला गेलाय. आला की आठ-पंधरा दिवसांत बसत्यात. पान्याचा रिपोर्टबी येतूय तवर."

"तारीख गेली ना मामा. मला वर कळवायचं हाय."

"येवढं थांब की राव. चालू डेअरी हाय. इतकी वर्सं झाली."

तेव्हा त्याने मोबाइलवर तो कागद काढला आणि दादांपुढे धरला. "मी काय करू, सांगा? तारीख वरून आलीय. हे बघा खाली, तुमच्याच ताईचं डिपार्टमेंट हाय. तुमी एक फोन केला ताईला तर कदाचित…"

आई म्हणाली, दादांनी तो कागद बराच वेळ वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग म्हणाले, "फोन न्हाई करायचा. तिच्याच कागदावर तिच्या बापानं सूट मागायची म्हंजी काय? तिला तिथं तोंड दाखवायचंय." आईने मध्ये बोलायचा प्रयत्न केला. तिला त्यांनी हाताने थांबवलं.

कागदावर 'बंद करणे' होतं, म्हणून सुपरवायझरने नोंदणी परत करण्याचा अर्ज त्याच्याच मोबाइलवर भरला. दादांच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यांनी वाचून दाखवला. मशीन आणि कॅन दुसऱ्या दिवशी पिकअपमधून ओतूरच्या मोठ्या केंद्रावर गेले. संध्याकाळी लोक किटल्या घेऊन आले, तेव्हा दादांनी पडवीत उभं राहून प्रत्येकाला सांगितलं की उद्यापासून दूध ओतूरला घालायचं. काही लोकांना वाटलं, नेहमीसारखी काहीतरी थाप मारताहेत. एक जण हसलाही.

मला हे कळलं ते जुन्नर विभागाच्या महिन्याच्या अहवालातून. तपासणीच्या गडबडीत मधले रविवार फोनही राहून गेला होता. केंद्रांची यादी, पुढे शेरा. मी सवयीने खाली सरकत होते आणि आमच्या केंद्रापुढे वाचलं: 'बंद. अनुपालन पूर्ण.' मला आधी वाटलं ओळ चुकली असेल. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग बाहेर जिन्यात जाऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "तुला ठाऊक न्हाई? आमाला वाटलं, तुला ठाऊक हाय."

त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले. सगळे कागद एकापुढे एक मांडले. मार्चअखेर, फेब्रुवारीअखेर, जानेवारीअखेर, संक्रांत. साहेब वाचत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी ताबडतोब जुन्नरला फोन लावला, स्पीकरवर. क्षेत्र व्यवस्थापक म्हणाले, "सर, आम्हाला फेब्रुवारी हीच डेडलाइन कळली होती, म्हणून आम्ही…" साहेबांनी फोन ठेवला.

"चालू करता येईल का परत?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर मलाच द्यायचं होतं. नोंदणी परत केलेली, म्हणजे आता नवीन अर्ज. नवीन केंद्र म्हणजे नियम तत्काळ लागू, एकही दिवस मुदत नाही. खोली पूर्ण, अहवाल हातात, मग अर्ज, मग तपासणी, मग मंजुरी. त्यातून आमच्या डेअरीचंच धोरण असं की नवीन केंद्राला ठरावीक दूध रोज हवं, नाहीतर पिकअप पाठवायला परवडत नाही. आणि डिंगोऱ्यातलं निम्मं दूध तोवर दुसऱ्या संकलकाकडे गेलेलं होतं. त्याची गाडी थेट वस्तीवर येत होती, लोकांनी ओतूरला किटल्या घेऊन का जावं?

"नाही येणार," मी म्हटलं. माझा आवाज इतका कोरडा होता की साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी कागद गोळा केले आणि बाहेर आले.

तरी मी प्रयत्न करायचा तेवढा केला. नियामकाच्या कार्यालयाला लिहिलं की नोंदणी गैरसमजातून परत केली गेली, मूळ मुदत अजून शिल्लक आहे, अर्ज मागे घेता येईल का? उत्तर सभ्य होतं. केंद्रचालकाने स्वतः ओटीपी देऊन केलेला अर्ज मंजूर झाला आहे, तो मागे घेण्याची तरतूद नाही, नव्याने अर्ज करावा. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

मार्च संपल्यावर आढावा बैठक झाली. मोठ्या पडद्यावर माझंच कोष्टक होतं. जुन्नर विभागाचं काम मुदतीच्या फार आधी पूर्ण, शंभर टक्के. टाळ्या वाजल्या. क्षेत्र व्यवस्थापक खाली बघत होते, त्यांनी टाळी वाजवली नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं की बंद केलेलं केंद्र 'अनुपालन पूर्ण' मध्ये धरायचं असेल तर सगळीच केंद्रं बंद करू या, मग आपल्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. साहेबांनी तो आकडा दुरुस्त करायला सांगितला, बंद केंद्रांचा रकाना वेगळा करायला सांगितला. तेव्हापासून माझ्या गोषवाऱ्यात दोन्ही तारखा छापल्या जातात आणि साहेब त्यावर रेघ मारत नाहीत. याचा दादांना काडीचा उपयोग नव्हता.

दादा त्यानंतर स्वतःच्या दोन गाईंचं दूध घेऊन मोटारसायकलवर ओतूरला जायचे आणि तिथे रांगेत उभे राहायचे. मी एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या केंद्रावर त्यांचंच जुनं मशीन होतं. पोरगा नमुना नीट न हलवता मशीनला लावत होता, त्यामुळे फॅट कमी दाखवतं, हे दादांना दिसत होतं. त्यांचा हात एकदा पुढे गेला आणि मग त्यांनी तो मागे खिशात घातला. चिठ्ठी घेतली, वाचली नाही, घडी करून ठेवली. परत येताना ते गाडी इतकी हळू चालवत होते की मागून येणारे हॉर्न वाजवत पुढे गेले.

आण्याचा गवंडी यात्रेनंतर आला होता. दादांनी त्याच्याकडून खोलीत टाइल्स बसवून घेतल्या, मोरी करून घेतली. आई म्हणाली होती, कशाला आता, दुकानदार शेठ न उघडलेले बॉक्स परत घेतो म्हणतोय. पण दादांनी ऐकलं नाही. खोली पांढरीशुभ्र झाली. उतार इतका बरोबर की बादलीभर पाणी ओतलं तर थेंब उरत नव्हता. तिच्यात काही ठेवलं नाही. ते अधूनमधून ती धुवायचे.

त्या दिवशी ओतूरहून आल्यावर आम्ही त्या खोलीच्या दारात बसलो. आई चहा घेऊन आली आणि आत गेली. दादांनी बसल्या बसल्या आतल्या फरशीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं.

"येक इचारू? तो कागद तुझाच व्हता ना?"

"हो, दादा."

"संक्रांतीचीच तारीख व्हती ना त्याच्यात? न्हाई, लोक काय काय बोलत्यात. खालच्या आळीचा तो म्हनत व्हता, दुसऱ्या तालुक्यात मार्चपतूर डेअऱ्या चालू व्हत्या. म्हनलं, असं कसं व्हईल. सरकारी तारीख सगळीकडं येकच असती."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला लगेच कळलं. मार्च म्हटलं की ते पुढचा प्रश्न विचारणार होते, मला नाही तर स्वतःला, आणि मग रोज विचारत राहणार होते: मी त्या दिवशी लेकीला फोन केला असता तर? एक फोन. सुपरवायझरनेही तेच सुचवलं होतं. मी त्यांना तेव्हाच्या तेव्हा सांगितलं असतं, दादा, काही देऊ नका, ओटीपी वाचू नका, मार्चअखेर आहे.

तारखांच्या बाबतीत मी आयुष्यात कोणाला सूट दिली नव्हती. लोकांच्या कागदात एक दिवस चुकला तर मी कागद परत पाठवते.

"संक्रांतच होती, दादा," मी म्हटलं. "मीच काढली होती. फोन केला असतात तरी मला काही करता आलं नसतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. चहाचा कप हातात घेतला. त्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा सैल झालेला मी बघितला.

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "म्या उगंच फोन करून तुला अडचनीत घातलं न्हाई."